नैवेद्य, प्रसाद आणि तीर्थ: सप्ताहातल्या निवेदनावरून नेहमी येणारे प्रश्न

आमचं गाव लातूर-अंबाजोगाई रस्त्यापासून थोडं आत आहे. विठ्ठल मंदिरात चैत्रात सप्ताह बसतो, सातव्या दिवशी सकाळी सत्यनारायण, मग काल्याचं कीर्तन आणि महाप्रसाद. आरती झाली की वाटप सुरू होण्याआधी माइकवर एक छोटं निवेदन वाचायचं काम माझ्याकडे आहे. आजूबाजूच्या गावांतली मंडळी ते लिहून मागतात आणि मागोमाग प्रश्नही पाठवतात. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

१. नैवेद्य, प्रसाद आणि तीर्थ यांत नेमका फरक काय? आम्ही तर सगळ्यालाच प्रसाद म्हणतो.

बोलण्यातली क्रियापदं पाहिली तरी फरक कळतो. नैवेद्य आपण देवाला *दाखवतो*, प्रसाद देवाकडून परत *मिळतो*, तीर्थ *घेतो*. नैवेद्य म्हणजे देवापुढे ठेवलेलं, अजून देवाचंच असलेलं अन्न. आमच्याकडची जुनी माणसं त्याला निवद म्हणतात. तो दाखवून झाला, देवाला उत्तरापोशन म्हणजे जेवणानंतरचं पाणी आणि विडा दिला, की तेच अन्न प्रसाद होतं. वाटी तीच आणि शिराही तोच, फक्त आता तो देवाच्या हातून आपल्याला आलेला असतो.

तीर्थाची वाट वेगळी आहे. ते देवाला खाऊ घातलेलं नसतं, देवाच्या अंगावरून उतरलेलं असतं. अभिषेकाचं पंचामृत आणि त्यानंतर घातलेलं शुद्ध पाणी ताम्हनात जमतं, ते तीर्थ. म्हणून कुणी पंचामृताची वाटी देवापुढे नुसती ठेवली आणि नंतर वाटली, तर काटेकोरपणे तो पंचामृताचा प्रसाद झाला. त्याला तीर्थ म्हणायचं, तर देवाला स्नान घडलेलं असलं पाहिजे.

एक घोटाळा शब्दाचाही आहे. तुळजापूरचं कल्लोळ तीर्थ किंवा गोमुख तीर्थ म्हणतात तेव्हा ते देवीच्या दर्शनाआधी स्नान करायचं, हातपाय धुवायचं ठिकाण असतं. या पानावर तीर्थ म्हणजे पळीने हातावर मिळतं ते.

२. तुमचं निवेदन जसंच्या तसं द्याल का?

देतो. गावाप्रमाणे बदल करा, पण क्रम मोडू नका.

> रामकृष्ण हरी, माउली. आरती झाली, देवाला नैवेद्य दाखवून झाला. विडा देईपर्यंत गाभाऱ्यासमोरून कुणी उठू नये. देव जेवत असताना आपण मधून जाऊ नये.
>
> आता आधी तीर्थ मिळेल. उजव्या हाताची खोलगट ओंजळ करा, डावा हात खाली धरा. पळी हाताला लागू देऊ नका. तीर्थात मध आणि दूध आहे. एक वर्षाच्या आतल्या बाळाला पाजू नका, त्याच्या डोक्याला नुसतं बोट लावा.
>
> तीर्थानंतर प्रसाद. उजव्या हातात घ्या, कपाळाला लावा आणि खाली न सांडता खा. ज्यांचा उपवास आहे त्यांच्यासाठी डाव्या बाजूला खडीसाखर आहे. कुणाला घ्यायचं नसेल तर नुसते हात जोडा, वाढणाऱ्यांनी आग्रह करू नये.
>
> महाप्रसादाची पंगत काल्यानंतर बसेल. पानात लागेल तेवढंच घ्या, माउली.

हे वाचायला दीड मिनिट लागतं. शास्त्र समजावून सांगायची ही वेळ नसते, बायाबापड्या सकाळपासून ताटकळलेल्या असतात. प्रत्येकाने आता हाताने काय करायचं, एवढंच सांगावं.

३. नैवेद्य दाखवायची रीत काय? नुसतं ताट पुढे ठेवून हात जोडले तर चालतं का?

घरच्या रोजच्या वरणभाताला हात जोडले तरी पुरे. पूजेत मात्र क्रम पाळावा, कारण नैवेद्य कधी संपला आणि प्रसाद कधी सुरू झाला हे त्या क्रमावरूनच ठरतं.

देवासमोर जमिनीवर पाण्याने लहान चौकोन काढायचा, त्यावर ताट किंवा वाटी ठेवायची. विठ्ठलाला, विष्णूला तुळशीचं पान, महादेवाला बेल, गणपतीला दूर्वा. पानाने ताटाभोवती पाणी फिरवतात. त्या वेळी दिवसा ‘सत्यं त्वर्तेन परिषिंचामि’ आणि रात्री ‘ऋतं त्वा सत्येन परिषिंचामि’ म्हणतात. मग ‘प्राणाय स्वाहा’पासून ‘ब्रह्मणे स्वाहा’पर्यंत सहा वेळा देवाला घास भरवल्यासारखा हात करायचा. मध्ये पाणी, पुन्हा सहा घास. शेवटी उत्तरापोशन, हात-तोंड धुवायला पाणी, हाताला चंदन आणि विडा.

पाहुण्याला आपण जसं जेवू घालतो, तसंच हे आहे. पाहुण्याचा हात धुवायच्या आधी त्याच्या पानातलं कुणी उचलत नाही. मंत्र येत नसतील तर मनात ‘देवा, जेव’ म्हणा, पण पाणी आणि विडा झाल्याशिवाय ताट हलवू नका. सगळ्यात जास्त चूक इथेच होते. घास भरवून झाले की कुणीतरी घाईने वाटी उचलून वाटायला लागतो.

नैवेद्याच्या पानात वेगळं मीठ वाढत नाहीत आणि दाखवायच्या आधी चव घेत नाहीत. मिठाचा अंदाज चुकला तर पंगतीत दुरुस्त होतो.

४. नैवेद्य एका वाटीचा दाखवतो, पण वाटायचं पातेलं तर स्वयंपाकघरात असतं. मग पातेल्यातला शिरा प्रसाद कसा?

हा प्रश्न चांगला आहे आणि याचं उत्तर हातांनी द्यायचं असतं. आमच्या सत्यनारायणाचं सांगतो. चारशे माणसं धरून रवा, साखर आणि तूप प्रत्येकी सव्वा किलो, दूध तीन लिटरच्या आसपास आणि केळी, एवढ्याचा साधारण सहा किलो शिरा होतो. माणशी मोठा चमचाभर, म्हणजे १५ ग्रॅम, धरला की चारशेंना पुरतो. पातेलं उतरलं की सगळ्यात आधी, कुणाच्याही डावाच्या आधी, नैवेद्याची वाटी काढतो. पातेलं झाकून ठेवतो. नैवेद्य दाखवून झाला, विडा झाला, की वाटीतला शिरा तुळशीच्या पानासकट पातेल्यात परत घालतो आणि तळापासून हलवतो. तिथून पुढे सगळं पातेलं प्रसाद.

ती वाटी पातेल्यात परत न घालता पूजेला बसलेल्या जोडप्याला दिली आणि इकडे पातेल्यातून वाटप केलं, असं बऱ्याच मंडपांत होतं. लोकांना शिरा मिळतो, देवापुढून आलेला त्यात कणभरही नसतो. वाटप सुरू होण्याआधी मी स्वतः जाऊन विचारतो, ‘वाटी परत घातली का?’

५. तीर्थ हातावर कसं घ्यायचं?

उजवा हात, तळवा खोलगट. अंगठा थोडा आत वळवला की गाईच्या कानासारखा आकार होतो, म्हणून त्याला गोकर्ण म्हणतात. डावा हात किंवा उपरण्याचं, पदराचं टोक खाली धरायचं, कारण तीर्थ पायावर पडू नये. आवाज न करता मनगटाच्या बाजूने प्यायचं. बोटांच्या टोकांवरून ओढून घेऊ नये. काही ठिकाणी एकदा देतात, काही ठिकाणी तीनदा. मोठ्या गर्दीत एकदाच बरं.

घेताना म्हणायचा श्लोक बहुतेकांना पाठ असतो:

> अकालमृत्युहरणं सर्वव्याधिविनाशनम् ।
> विष्णुपादोदकं तीर्थं जठरे धारयाम्यहम् ॥

यातला ‘पादोदक’ हा शब्द लक्षात ठेवा, प्रश्न ११ मध्ये तो पुन्हा येणार आहे.

देणाऱ्यासाठीही एक सांगणं आहे. पळी चार बोटं वरून धरावी. ती एकाच्या ओल्या तळव्याला टेकली आणि पुन्हा भांड्यात गेली, की सगळ्यांनी एकाच हातचं प्यायल्यासारखं होतं.

६. तीर्थ घेतल्यावर ओला हात डोक्याला पुसावा का?

आमच्या भागात जवळजवळ सगळे पुसतात, काही जण डोळ्यांना लावतात. काही पुरोहित मात्र सांगतात की ओठ लागल्यावर हात उष्टा झाला, तो डोक्याला लावू नये, धुवावा. दोन्ही रीती चालत आलेल्या आहेत. उष्टा हात नको वाटत असेल तर सोपी तोड आहे. आधी बोट तीर्थात टेकवून डोळ्यांना लावा, मग प्या. पंचामृताचं तीर्थ चिकट असतं, म्हणून मंडपाच्या कडेला आम्ही हात धुवायची बादली ठेवतो.

७. तीर्थ किती करावं आणि कशात ठेवावं?

आमची पळी मी औषधाच्या बाटलीच्या झाकणाने मोजून पाहिली, पाच मिलिलिटरची निघाली. चारशे माणसांना दोन लिटर लागतं, सांडलवंड आणि पोरांची दुसरी फेरी धरून अडीच. एवढं सगळं अभिषेकातून निघत नाही. पाव लिटर दूध, दोन-तीन चमचे दही, चमचा-चमचा तूप आणि मध, थोडी साखर, आणि नंतरचं शुद्धोदक मिळून ताम्हनातून लिटरभर उतरतं. वाटप सुरू करताना त्यात दीड लिटर पिण्याचं स्वच्छ पाणी आणि तुळशीची पानं घालतो. पाणी घातल्याने तीर्थपण जात नाही.

भांड्याबद्दल मात्र हात जोडून सांगतो. तांब्याच्या भांड्यात नुसतं पाण्याचं तीर्थ ठेवा. दही घातलेलं पंचामृत तांब्यात किंवा कल्हई नसलेल्या पितळेत ठेवू नका. दह्याचं आंबट तांब्याला लागतं आणि तांबं उतरतं. एका वर्षी आमच्याच हातून हे झालं. सकाळी सातचा अभिषेक, तीर्थ तांब्याच्या घंगाळात तसंच राहिलं आणि वाटप व्हायला दुपारचे बारा वाजले. पहिल्याच रांगेतल्या एका म्हाताऱ्या आजींनी घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं, पण देवाचं म्हणून थुंकल्या नाहीत, गिळलं. मी पाहिलं तर घंगाळाच्या काठाला हिरवट कड आली होती आणि चव कसटली होती. सगळं झाडाच्या बुडाशी ओतलं, देवाला पुन्हा साध्या पाण्याने स्नान घालून ते वाटलं. त्या आजींचा चेहरा माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. तेव्हापासून पंचामृताचं तीर्थ स्टीलच्या झाकणाच्या डब्यात ठेवतो. चैत्राच्या उन्हात दूध-दही तासाभरातच बिघडायला लागतं, म्हणून अभिषेकच वाटपाच्या आधी ठेवतो. उशीर होणार हे दिसत असेल तर फक्त तुळस घातलेल्या पाण्याचं तीर्थ करा, ते कमी प्रतीचं नसतं.

८. तान्ह्या बाळाला किंवा मधुमेह असलेल्यांना तीर्थ-प्रसाद द्यावा का?

एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात देऊ नये, बोटभरसुद्धा नाही. मधात कधीकधी अशा जंतूंचे बीजाणू असतात, जे मोठ्यांना काही करत नाहीत, पण बाळाच्या आतड्यात वाढून त्याचे स्नायू लुळे पाडतात. बाळाच्या कपाळाला तीर्थ लावा, तेवढं पुरतं. मधुमेह असलेल्यांनी प्रसाद दाण्याएवढा घ्यावा. प्रसाद पोट भरायला नसतो आणि नाकारण्यापेक्षा कण घेणं त्यांच्याही मनाला बरं वाटतं. उरलेला घरच्यांना द्यावा.

९. एकादशीचा उपवास असताना शिऱ्याचा प्रसाद मिळाला तर?

घ्यावा, कपाळाला लावावा, आणि रवा असल्यामुळे त्या दिवशी खाऊ नये. तो द्वादशीला पारण्याला खावा असं सांगतात. पण दुधाचा शिरा उन्हाळ्यात दुसऱ्या दिवसापर्यंत टिकत नाही, म्हणून घरातल्या उपवास नसलेल्या माणसाला देणं शहाणपणाचं. आयोजकांनी एकादशीला रव्याचा प्रसाद करूच नये, खडीसाखर किंवा केळी ठेवावीत. तीर्थाने उपवास मोडत नाही.

उपवासाच्या महाप्रसादात भगर असते. भगरीतून विषबाधा झाल्याच्या बातम्या मराठवाड्यात जवळजवळ दरवर्षी येतात. सुटी, जुनी, कुबट वासाची भगर घेऊ नका, दळलेलं पीठ साठवू नका, आणि रात्री शिजवलेली सकाळी वाढू नका. देवाला दाखवली म्हणून बुरशी लागलेली भगर चांगली होत नाही. तसली भगर देवापुढे ठेवायचीच नसते.

१०. महादेवाचा प्रसाद खाऊ नये म्हणतात. मग परळीला आणि औंढ्याला प्रसाद कसा घेतात?

सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न हाच आहे, आणि आपल्याकडे तो साहजिकच आहे. परळी वैजनाथ, औंढा नागनाथ आणि वेरूळचा घृष्णेश्वर, तिन्ही ज्योतिर्लिंगं मराठवाड्यातच आहेत.

महादेवाच्या निर्माल्यावर चंड नावाच्या गणाचा अधिकार असतो, म्हणून जिथे तो अधिकार आहे तिथलं माणसांनी खाऊ नये, असा नियम आहे. पण हा नियम शिवपुराणाच्या ज्या विद्येश्वर संहितेत येतो, तिथेच त्याचे अपवादही दिले आहेत. बाणलिंग, धातूचं लिंग, सिद्धलिंग, स्वयंभू लिंग आणि महादेवाच्या सगळ्या मूर्ती इथे चंडाचा अधिकार नाही. ज्योतिर्लिंगांचा नैवेद्य खाणं तर चांद्रायण व्रताएवढं पुण्याचं सांगितलं आहे. म्हणून परळीचा प्रसाद निःशंकपणे घ्या.

गावातल्या साध्या महादेवाच्या देवळासाठी तिथेच एक सोपी खूण दिली आहे. पिंडीवर घातलेलं घेऊ नये, पिंडीला न लागलेलं पवित्र असतं. म्हणजे पिंडीवर वाहिलेलं फळ, दूध, बेल हे निर्माल्य. पिंडीपुढे वेगळ्या ताटात दाखवलेला नैवेद्य हा प्रसाद. आम्ही श्रावण सोमवारी नारळ पिंडीवर न फोडता बाहेर फोडतो, अर्धा आत दाखवतो आणि तोच वाटतो.

तीर्थाचंही तसंच. शाळुंकेवरून गोमुखातून वाहणारं पाणी आमच्याकडे पीत नाहीत, ओलांडतही नाहीत, आणि म्हणूनच प्रदक्षिणा अर्धी घालून मागे फिरतात. महादेवाच्या देवळात तीर्थ द्यायचं झालं तर शेजारच्या बाळकृष्णाच्या किंवा शाळिग्रामाच्या अभिषेकाचं देतात.

११. आमचे लिंगायत शेजारी मात्र इष्टलिंगाचं पादोदक आणि प्रसाद रोज घेतात. ते चुकतात का?

अजिबात नाही. वीरशैव-लिंगायतांच्या अष्टावरणांत गुरू, लिंग, जंगम, विभूती, रुद्राक्ष, मंत्र यांच्याबरोबर पादोदक आणि प्रसाद ही दोन आवरणं आहेत. आपण ज्याला तीर्थ म्हणतो ते त्यांच्याकडे पादोदक, आणि ते घेणं हा त्यांच्या धर्माचरणाचा गाभा आहे. वर सांगितलेल्या संहितेतही शिवदीक्षा घेतलेल्या भक्ताने सगळ्याच लिंगांचा नैवेद्य महाप्रसाद म्हणून खावा असं आहे. प्रश्न १० मधला नियम त्यांना लागूच होत नाही. त्यांच्या घरी पंगतीला बसलात तर पानात कणही टाकू नका. लिंगाला अर्पण झालेलं अन्न वाया घालवणं त्यांना फार लागतं.

१२. काला, तळीचं खोबरं, माहूरचा विडा आणि येळवशीची आंबील यांना काय म्हणायचं?

काला हा प्रसादच. दही, लाह्या, लोणचं एकत्र कालवून हंडीत घालतात, कीर्तनकार महाराज हंडी फोडतात आणि प्रत्येकाच्या हातावर देतात. काल्याला द्रोण मागू नये, तो हातावरच घ्यायचा. खंडोबाच्या तळीचा भंडारा कपाळाला लावायचा, खोबरं खायचं. माहूरला रेणुकामातेचा प्रसाद म्हणजे खलबत्त्यात कुटलेला विडा. एरवी विडा नैवेद्याच्या शेवटी येतो, तिथे तोच प्रसाद होऊन परत मिळतो.

येळवशीला आपल्या लातूर-धाराशिवकडे शेतात कडब्याच्या कोपीत पांडव मांडून भज्जी, उंडे आणि आंबील दाखवतात, आणि मग शेतभर आंबील शिंपडतात. ‘ते तीर्थ का?’ असं एका पोराने विचारलं होतं. ते तीर्थ नाही. शिंपडलेली आंबील नैवेद्याचाच भाग आहे, ती काळ्या आईला दिली आणि तिच्याकडेच राहिली. कोपीत बसून शेजाऱ्यापाजाऱ्यांसह मडक्यातली पितो ती प्रसादाची.

१३. कुणी प्रसाद घेत नसेल तर वाईट वाटून घ्यावं का?

नाही. पुष्कळ महानुभाव कुटुंबं दुसऱ्या देवतांचा प्रसाद घेत नाहीत, तो त्यांच्या पंथाचा नेम आहे. देवीला बकऱ्याचा निवद असेल तर माळकरी माणूस तो घेणार नाही, त्याच्यासाठी पुरणाचा निवद वेगळा ठेवतात. रांगेत कुणालाही कारण विचारू नये. बायांना पाळीबद्दल विचारणं तर मुळीच नको. जी पुढे येऊन हात पसरते तिला द्यायचं.

१४. प्रसाद खाली सांडला किंवा तीर्थ उरलं तर काय करावं?

सांडलेला प्रसाद पायाखाली येण्याआधी उचलावा. स्वच्छ असेल तर खावा, नसेल तर गाईला किंवा पाखरांना घालावा. उरलेलं तीर्थ मोरीत ओतू नये. झाडाच्या बुडाशी ओतावं, पण साखर-मधाचं असेल तर मंडपापासून लांबच्या झाडाला, नाहीतर संध्याकाळच्या हरिपाठापर्यंत मुंग्यांची रांग बसायच्या जागेत येते. महाप्रसाद उरला तर सांजेच्या आत वाटून संपवावा. आम्ही त्यासाठी वस्तीवर आणि ऊसतोडीच्या फडावर आधीच निरोप पाठवून ठेवतो, म्हणजे भात गरम असतानाच लोक डबे घेऊन येतात.